निद्राभ्रमण आणि निद्राभय

निद्राभ्रमण (झोपेत चालणे) आणि निद्राभय (झोपेतून किंचाळत, घाबरून उठणे) हे गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्यामुळे होणारे दोन निद्राविकार आहेत. निद्राभ्रमणात व्यक्ती अंथरुणात उठून बसते, पुष्कळदा घरात हिंडते, दार उघडते किंवा कपाटातील वस्तू काढते. तिचे डोळे उघडे असतात, परंतु ती पूर्णपणे जागी नसते. निद्राभयात व्यक्ती, बहुधा लहान मूल, एकाएकी किंचाळून उठते, घामाने थबथबते व समजावणाऱ्यास ओळखत नाही. दोन्ही प्रकारांत सकाळी उठल्यावर बहुतेकांस काहीही आठवत नाही. या विकारांना एकत्रितपणे जागृतिविकार म्हटले जाते, कारण त्यांच्या मुळाशी झोपेतून जागेपणाकडे जाण्याची क्रिया मध्येच अडखळणे हे असते.

अशी व्यक्ती आपले स्वप्न जगत असते, अशी समजूत सर्वत्र आढळते. झोपेच्या नोंदींवरून मात्र ती टिकत नाही. ठसठशीत, कथानक असलेली स्वप्ने मुख्यतः रेम निद्रेत पडतात आणि त्या वेळी शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. निद्राभ्रमण व निद्राभय यांचा उगम नॉन-रेम निद्रेच्या सर्वांत गाढ टप्प्यात होतो.

## झोपेचे टप्पे

झोप ही एकसारखी अवस्था नाही. शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसरिन्स्की आणि नेथनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये असे दाखवले की, झोपलेल्या माणसाचे डोळे रात्रीतून काही ठरावीक काळ पापण्यांआड वेगाने हालतात आणि त्या वेळी उठवल्यास तो बहुधा स्वप्न सांगतो. या काळाला इंग्रजी आद्याक्षरांवरून रेम निद्रा हे नाव पडले. उरलेली सर्व झोप ती नॉन-रेम निद्रा. नॉन-रेम निद्रेचे उथळ ते गाढ असे तीन टप्पे मानले जातात. पूर्वी ते चार मानत असत.

तिसऱ्या, सर्वांत गाढ टप्प्यात ईईजीवर, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखावर, मोठ्या आणि संथ लाटा उमटतात. सेकंदाला अर्धी ते दोन इतक्या धिम्या गतीने त्या चढतात-उतरतात. मेंदूच्या बाह्यकातील असंख्य चेतापेशी एकाच तालात काही क्षण सक्रिय होतात आणि काही क्षण गप्प बसतात, त्याचे हे चित्र होय. या टप्प्यात माणसाला उठवणे अवघड असते. लहान मुलाला प्रवासातून आल्यावर गाडीतून उचलून, कपडे बदलून अंथरुणात ठेवले तरी ते जागे होत नाही, हा पालकांचा नेहमीचा अनुभव याच गाढ झोपेचा असतो.

प्रस्तुत विकारांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या टप्प्यांचे रात्रभरातील वाटप. झोप सुमारे नव्वद मिनिटांच्या आवर्तनांनी पुढे सरकते. मुलांमध्ये आवर्तने काहीशी लहान असतात. गाढ झोपेचा बहुतांश वाटा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात संपतो. रेम निद्रेचे पहिले सत्र जेमतेम काही मिनिटांचे असते आणि पुढची सत्रे लांबत जाऊन पहाटेच्या वेळी सर्वांत दीर्घ होतात. म्हणून रात्रीचा पूर्वार्ध गाढ झोपेचा आणि उत्तरार्ध स्वप्नांचा, असे ढोबळमानाने म्हणता येते. एखादा प्रसंग रात्री कोणत्या वेळी घडला, एवढ्या माहितीवरूनही त्याच्या स्वरूपाविषयी बरेच काही कळते ते यामुळेच.

## एका प्रसंगाचा क्रम

या विकाराचे नेहमीचे स्वरूप एका काल्पनिक परंतु प्रातिनिधिक उदाहरणावरून पाहता येईल. आठ वर्षांचा एक मुलगा दिवसभर लग्नघरी हुंदडून, दुपारची विश्रांती न घेता, रात्री साडेनऊला झोपतो. दहाच्या आतच तो गाढ झोपेत गेलेला असतो. साधारण पावणेअकराच्या सुमारास तो अंथरुणात उठून बसतो. काही क्षण पांघरुणाची टोके चिवडतो, मग उठून खोलीबाहेर येतो. वाटेत पडलेल्या चपला तो ओलांडतो, अर्धवट उघडे दार ढकलतो आणि न्हाणीघराऐवजी कपड्यांच्या कपाटासमोर उभा राहून तेथेच लघवी करू लागतो. आई विचारते, “काय झालं रे, कुठे चाललास?” तो तिच्या दिशेने पाहतो, पण नजर तिच्यावर स्थिरावत नाही. “ते… नको ना,” असे काहीसे पुटपुटतो. आई त्याला दंडाला धरून हलकेच अंथरुणाकडे नेते, तो मुकाट्याने आडवा होतो आणि पुन्हा गाढ झोपतो. हा सगळा प्रकार चार-पाच मिनिटांत आटोपतो. सकाळी त्याला यातले काहीही ठाऊक नसते.

या प्रसंगातील प्रत्येक तपशिलास अर्थ आहे. वेळ पहिल्या आवर्तनातली, म्हणजे गाढ झोपेच्या भरातली आहे. आदल्या श्रमामुळे आणि चुकलेल्या विश्रांतीमुळे ती झोप नेहमीपेक्षा अधिक गाढ झालेली आहे. मूत्राशय भरल्याचा संदेश मेंदूला ढोसतो. एरवी अशा वेळी मूल एक तर पूर्ण जागे झाले असते किंवा कूस बदलून झोपून गेले असते. येथे दोन्हीपैकी काहीच पूर्णपणे घडत नाही. चपला ओलांडल्या गेल्या व दार ढकलले गेले, याचा अर्थ डोळे आणि हातपाय भोवतालच्या खऱ्या घराशी व्यवहार करत होते. कपाटापुढे झालेला घोटाळा मात्र सांगतो की, आपण कुठे आहोत व काय करत आहोत याचा विचार करणारी यंत्रणा त्या व्यवहारात सामील नव्हती. अशा मुलाला सकाळी रागावणे व्यर्थ आहे, कारण ज्या कृतीबद्दल रागवायचे ती त्याच्या लेखी घडलेलीच नसते.

चित्रांत व विनोदी चित्रपटांत झोपेत चालणारा माणूस डोळे मिटून, दोन्ही हात समोर ताणून चालताना दाखवतात. प्रत्यक्षात तसे आढळत नाही. डोळे उघडे, चेहरा बहुधा निर्विकार, चाल सावकाश आणि काहीशी बोजड असते. त्यामुळे घरातील माणसांना ती व्यक्ती जागीच आहे असे वाटून फसगत होते.

## स्वप्नाच्या कल्पनेला छेद

झोपेत चालणे हा स्वप्नाचा किंवा दडपलेल्या भावनांचा आविष्कार आहे, ही कल्पना जुनी आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात राणी झोपेत चालताना आपल्या अपराधाची कबुली देऊन जाते, आणि या प्रवेशाचा लोकमानसावरील ठसा अद्याप पुसलेला नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’ या रूपांतरामुळे ही नाट्यकथा मराठी रंगभूमीवरही आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोविश्लेषणाच्या प्रभावाने या कल्पनेला शास्त्रीय भाषेचा आधार मिळाला. रेम निद्रेचा शोध लागल्यावर तर तर्क सरळच होता. स्वप्ने रेम निद्रेत पडतात. म्हणजे झोपेत चालणेही तेथेच सुरू होत असणार.

हा तर्क १९६५ मध्ये खोटा ठरला. अमेरिकेत अ‍ॅलन जेकबसन, अँथनी केल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत चालण्याची सवय असलेल्या व्यक्तींचे रात्रभराचे ईईजी नोंदवले, तेव्हा चालण्याचे प्रसंग रेम निद्रेतून नव्हे, तर संथ लाटांच्या गाढ झोपेतून सुरू होताना दिसले. फ्रान्समध्ये मार्सेय येथे आंरी गास्तो आणि रॉजर ब्रॉटन यांनाही त्याच सुमारास असेच आढळले. १९६८ मध्ये ब्रॉटन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात निद्राभ्रमण, निद्राभय, गोंधळलेली जाग आणि अंथरुणात लघवी होणे हे प्रकार स्वप्नांचे परिणाम नसून जाग येण्याच्या प्रक्रियेतील बिघाड असावेत, असे मांडले. जागृतिविकार ही संकल्पना तेथून रूढ झाली. अंथरुणात लघवी होण्याविषयीचे त्यांचे मत पुढे बदलावे लागले, कारण ती झोपेच्या कोणत्याही टप्प्यात होऊ शकते असे दिसून आले. बाकीचे तीन प्रकार मात्र आजही याच वर्गात आहेत.

याच काळातील आणखी एक निरीक्षण स्वप्नाच्या कल्पनेविरुद्ध बहुधा सर्वांत निर्णायक आहे. झोपेत चालण्याची सवय असलेल्या मुलांना गाढ झोपेत असताना उचलून नुसते पायांवर उभे केले, तर काहींमध्ये नेहमीसारखाच चालण्याचा प्रसंग सुरू होत असे. तशी सवय नसलेल्या मुलांमध्ये हे घडत नसे. कॅनडातील माँट्रिऑल येथे अंतोनियो झाद्रा, मॅथ्यू पिलों आणि जाक माँप्लेझीर यांनी २००८ मध्ये हाच विचार प्रौढांमध्ये अधिक काटेकोरपणे तपासला. निद्राभ्रमणाच्या रुग्णांना २५ तास जागे ठेवून मग झोपू दिले आणि गाढ झोपेत असताना कानाशी आवाज ऐकवला, तेव्हा अनेकांमध्ये त्या आवाजासरशी प्रसंग उद्भवले; निरोगी व्यक्तींमध्ये एकही उद्भवला नाही.

या प्रयोगांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा लागतो. प्रसंग स्वप्नाच्या कथानकातून उगवत असता, तर तो कथानकाच्या वळणावर सुरू झाला असता, संशोधकाने बटण दाबताच नव्हे. बाहेरून आलेला धक्का काही सेकंदांत प्रसंग घडवू शकतो; म्हणजे त्याच्या सुरुवातीसाठी आधीपासून चाललेल्या स्वप्नाची गरज नसते. गरज असते ती दोनच गोष्टींची. झोप अतिशय गाढ असावी आणि त्या झोपेला मध्येच धक्का बसावा. तिसरी गोष्ट, अशा धक्क्याने अर्धवट जागे होण्याची प्रवृत्ती, ही ज्याची त्याची उपजत असते.

## मेंदूचा अर्धा जागेपणा

जागेपण आणि झोप या अवस्था संपूर्ण मेंदूला एकाच वेळी लागू होतात, असे पूर्वी गृहीत धरले जाई. निद्राभ्रमणाच्या अभ्यासाने या गृहीतकाला तडा गेला.

स्वित्झर्लंडमधील क्लाउडिओ बासेट्टी व सहकाऱ्यांनी २००० साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेले एक निरीक्षण यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. प्रयोगशाळेत झोपलेल्या १६ वर्षांच्या एका मुलाला निद्राभ्रमणाचा प्रसंग सुरू झाल्यावर २४ सेकंदांत शिरेतून किरणोत्सारी द्रव्य टोचण्यात आले. या पद्धतीचा विशेष असा की, द्रव्य टोचल्यानंतरच्या थोड्या क्षणांत ते रक्तप्रवाहाच्या प्रमाणात मेंदूत अडकून बसते. त्यामुळे प्रसंग संपून रुग्ण शांत झाल्यावर छायाचित्र घेतले, तरी त्यात चालण्याच्या क्षणाचाच रक्तप्रवाह दिसतो. चालणाऱ्या माणसाला यंत्रात झोपवता येत नाही ही अडचण अशी ओलांडली गेली.

त्या छायाचित्रात साध्या गाढ झोपेच्या तुलनेने लहान मेंदूचा पुढचा भाग आणि मेंदूच्या मध्यरेषेजवळचा सिंग्युलेट बाह्यकाचा मागचा भाग यांतील रक्तप्रवाह वाढलेला होता. हे भाग हालचालींचे सुसूत्रीकरण आणि भावना यांच्याशी संबंधित यंत्रणांत मोडतात. त्याउलट कपाळामागील अग्रखंड आणि डोक्याच्या वरच्या बाजूचा पार्श्वखंड यांतील विचार व आत्मभान यांसाठी लागणाऱ्या प्रदेशांत जागेपणीच्या तुलनेने रक्तप्रवाह मंद होता. थोडक्यात, चालवणारा मेंदू जागा झाला होता आणि जाणणारा मेंदू झोपलेला होता. हे एकाच मुलाचे निरीक्षण आहे, ही त्याची मर्यादा. परंतु इटलीत अपस्माराच्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूच्या आत बसवलेल्या तारांमधून मिळालेल्या नोंदींनीही हेच चित्र दाखवले. गोंधळलेल्या अर्धजागृतीच्या वेळी हालचालींचे बाह्यक जागेपणीच्या वेगवान लहरी देत होते, तर त्याच क्षणी अग्रखंडाच्या काही भागांत आणि स्मृती नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये झोपेच्या संथ लाटा चालूच होत्या.

यातून निद्राभ्रमणाची जवळजवळ सर्व लक्षणे उलगडतात. दृष्टी आणि हालचाल चालू असल्याने माणूस जिना उतरू शकतो. अग्रखंड झोपलेला असल्याने जिना कशासाठी उतरतो आहे याचा त्याला विचार पडत नाही, आणि तो धोका ओळखत नाही. स्मृती नोंदवणारा भाग झोपलेला असल्याने सकाळी ‘विसरणे’ हा शब्दही फारसा बरोबर नसतो. प्रसंग मुळात पुरता नोंदलाच गेलेला नसतो.

## निद्राभय आणि दुःस्वप्न

निद्राभय हा याच प्रक्रियेचा अधिक उग्र अवतार आहे. मूल एकाएकी किंकाळी फोडून उठते, डोळे विस्फारलेले, बाहुल्या मोठ्या, श्वास जोराचा असतो. कधी ते अंथरुणातून पळत सुटते. चार्ल्स फिशर व सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रौढ रुग्णांच्या ज्या नोंदी घेतल्या, त्यांत तीव्र प्रसंगात हृदयाचे ठोके अर्ध्या-पाऊण मिनिटात मिनिटाला १६० ते १७० पर्यंत गेलेले आढळले. निरोगी माणसाच्या हृदयाने इतक्या झटकन इतकी उडी घेणे क्वचितच पाहायला मिळते.

अर्थपूर्ण गोष्ट ही की, किंकाळीच्या आधीच्या मिनिटांत नाडी व श्वास संथच होते. भयंकर स्वप्न रंगत जाऊन शेवटी किंकाळी फुटली, असे असते तर भीती आलेखावर हळूहळू चढताना दिसायला हवी होती. ती दिसत नाही. शिवाय आधीची गाढ झोप जितकी दीर्घ, तितका प्रसंग तीव्र असेही फिशर यांना आढळले. भय येथे आधीच्या कथेचे फळ नसते. शरीराची संकटसूचक यंत्रणा एकाएकी पेटते आणि तिला अर्थ देणारा मेंदू जागा नसतो.

दुःस्वप्न याहून अगदी वेगळे आहे. ते रेम निद्रेत, म्हणून बहुधा उत्तररात्री किंवा पहाटे पडते. त्यातून मूल पूर्ण जागे होते, आईला बिलगते, “वाघ मागे लागला होता” अशी गोष्ट सांगते आणि पुन्हा झोपायला घाबरते. निद्राभयातील मूल आईला ढकलून देते, काहीच सांगत नाही आणि काही मिनिटांनी शांतपणे झोपी जाते. दुःस्वप्नाचा त्रास मुलाला होतो; निद्राभयाचा त्रास मुख्यतः पाहणाऱ्यांना होतो. मुलाला बाधा झाली, दृष्ट लागली, असे अर्थ लावले जातात ते बहुधा हा दुसरा प्रकार पाहूनच. किंचाळणारे पण आईबापांना न ओळखणारे मूल पाहून घरचे घाबरले तर नवल नाही.

## स्वप्न खरोखर वठवणारा विकार

झोपेत स्वप्न प्रत्यक्ष कृतीत उतरवणारा विकार अस्तित्वात आहे. परंतु तो निद्राभ्रमण नव्हे. रेम निद्रेत मेंदूस्तंभातील एक यंत्रणा मज्जारज्जूतील स्नायूचालक पेशींना दाबून धरते, त्यामुळे डोळे व श्वसनाचे स्नायू वगळता शरीर लुळे पडते. फ्रान्समधील मिशेल जुव्हे यांनी १९६० च्या दशकात मांजरांच्या मेंदूस्तंभातील हा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरे रेम निद्रेत उठून अदृश्य भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसांमधील असाच विकार मिनेसोटातील कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये वर्णन केला. त्याला रेम निद्रावर्तन विकार म्हणतात.

हा विकार बहुधा पन्नाशीनंतर, अधिक करून पुरुषांमध्ये दिसतो. रुग्ण उत्तररात्री हातपाय झाडतो, ठोसे मारतो, ओरडतो. त्याचे डोळे मिटलेले असतात आणि तो क्वचितच खोलीबाहेर जातो. त्याला उठवल्यास तो चटकन भानावर येतो आणि त्याने सांगितलेले स्वप्न त्याच्या हालचालींशी जुळते. चोराशी झटापट चालली होती, असे तो म्हणतो आणि पलंगाशेजारचा दिवा फुटलेला असतो. तो स्वप्नातल्या खोलीत वावरत असतो. निद्राभ्रमणी व्यक्ती खऱ्या खोलीत वावरते. दोहोंतील फरक ओळखायला याहून सोपी खूण नाही. हा फरक केवळ अभ्यासाचा विषयही नाही, कारण रेम निद्रावर्तन विकार हे पुष्कळदा पार्किन्सन किंवा त्या वर्गातील आजारांचे अनेक वर्षे आधी दिसणारे लक्षण असते. उतारवयात प्रथमच असे प्रकार सुरू झाल्यास तपासणी आवश्यक ठरते.

## आठवणाऱ्या अनुभवांचा प्रश्न

‘निद्राभ्रमणात स्वप्न नसते’ हे विधान सरसकट केल्यास ते चुकीचे ठरेल. नॉन-रेम निद्रेतून उठवलेले लोकही अनेकदा काही विचार किंवा चित्रे सांगतात. निद्राभ्रमण व निद्राभयाचे प्रौढ रुग्ण मुलांपेक्षा अधिक आठवण ठेवतात. फ्रान्समधील देल्फीन उदिएत व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७१ टक्के रुग्णांनी निदान एका प्रसंगाशी निगडित असा स्वप्नसदृश अनुभव सांगितला. छत कोसळते आहे, खोलीत कोणी शिरले आहे, बाळ पलंगावरून पडते आहे, अशा धर्तीचे हे अनुभव असतात. काही वेळा कृतीही त्याला जुळणारी असते. बाळ वाचवण्यासाठी माणूस उशी उचलून धावतो.

तरीही हे अनुभव रेम निद्रेतील स्वप्नांसारखे नसतात. ते बहुधा एकाच दृश्याचे, अत्यंत थोडक्यात आटोपणारे आणि संकटाचे असतात. त्यांत प्रसंगामागून प्रसंग येत नाहीत. एक संभाव्य स्पष्टीकरण असे की, धक्क्यासरशी शरीरात भय व हालचाल आधी उसळते आणि अर्धवट जागा मेंदू त्याला जुळेल असे दृश्य तेथल्या तेथे रचतो. प्रत्येक प्रसंगात हाच क्रम असतो, हे सिद्ध झालेले नाही. स्वप्नसदृश दृश्य प्रसंगासोबत असू शकते. ते प्रसंगाचे आवश्यक कारण नसते, एवढे मात्र आवाजाच्या प्रयोगांवरून म्हणता येते.

## प्रमाण, आनुवंशिकता आणि कारणे

कॅनडातील क्वेबेक प्रांतात मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निद्राभय दीड वर्षाच्या वयात सर्वाधिक, सुमारे ३४ टक्के मुलांत, तर निद्राभ्रमण दहा वर्षांच्या वयात सर्वाधिक, सुमारे १३ टक्के मुलांत आढळले. आईवडिलांपैकी कोणालाही निद्राभ्रमण झालेले नसेल, तर २२.५ टक्के मुलांत ते बालपणी केव्हातरी दिसले. एकाला झालेले असेल तर ४७.४ टक्के आणि दोघांनाही झालेले असेल तर ६१.५ टक्के मुलांत दिसले. पौगंडावस्थेत गाढ झोपेचे प्रमाण घटते, त्याबरोबर बहुतेकांचा हा विकार आपोआप ओसरतो. प्रौढांमध्ये तो एक ते दोन टक्क्यांच्या आसपास राहतो.

प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीत प्रसंग घडवणारी कारणे दोन गटांत मोडतात. जागरण, ताप आणि काही औषधे झोप अधिक गाढ करतात किंवा तिच्यातून जागे होणे कठीण करतात. गोंगाट, भरलेले मूत्राशय, घोरण्यासह श्वास अडखळणे आणि पायांच्या अस्वस्थ हालचाली त्या झोपेला वारंवार ढोसतात. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांनंतर माणसे झोपेतच स्वयंपाक करताना किंवा वाहन चालवताना आढळल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१९ मध्ये या औषधांवर सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा छापणे सक्तीचे केले. ज्याला पूर्वी असा प्रकार झाला आहे त्याने ही औषधे घेऊ नयेत, असे त्यात म्हटले आहे.

## निदान

बहुतेक मुलांमध्ये पालकांनी सांगितलेल्या हकिगतीवरून निदान होते. भ्रमणध्वनीवर घेतलेले चित्रण वैद्यांना फार उपयोगी पडते. प्रसंग रात्रीच्या पहिल्या काही तासांत, एका रात्रीत बहुधा एकदाच आणि दर वेळी थोड्याफार वेगळ्या रीतीने होत असेल, तर जागृतिविकाराची शक्यता अधिक. तोच हातवारा, तोच आवाज अशा ठरावीक साच्याचे, मिनिटाहून कमी काळाचे प्रसंग एकाच रात्री अनेकदा होत असतील, तर अग्रखंडातील अपस्माराचा विचार करावा लागतो. दिवसा झोप येणे, जोरात घोरणे, प्रसंगात इजा होणे किंवा प्रौढपणी प्रथमच सुरुवात होणे, या परिस्थितीत निद्रा प्रयोगशाळेत रात्रभराची नोंद घेतली जाते. एका रात्रीच्या नोंदीत प्रसंग न दिसल्यास विकार नाही, असे ठरत नाही.

## काळजी आणि उपचार

झोपेत चालणाऱ्याला उठवल्यास त्याचा मृत्यू होतो किंवा तो वेडा होतो, ही समजूत निराधार आहे. तथापि जोराने हलवून किंवा घट्ट धरून उठवू नये, कारण गोंधळलेली व्यक्ती प्रतिकार करते आणि त्यात तिला वा धरणाऱ्याला इजा होऊ शकते. शांत आवाजात बोलत तिला हलकेच अंथरुणाकडे वळवणे पुरेसे असते. निद्राभयात तर काहीही न करता मुलाजवळ बसून ते पडणार नाही एवढे पाहणे, हाच उत्तम मार्ग. सकाळी त्याविषयी चौकशी करून मुलाला घाबरवण्याचे कारण नाही.

खरा धोका असतो तो पडण्याचा आणि घराबाहेर जाण्याचा. अशा व्यक्तीला गच्चीवर, कठडा नसलेल्या माळ्यावर किंवा दुमजली पलंगाच्या वरच्या भागात झोपवू नये. खिडक्यांना गज असावेत, दाराची कडी उंचावर असावी किंवा दाराला वाजणारी घंटी बांधावी. सुऱ्या, काडेपेटी व वाहनांच्या किल्ल्या हाताशी ठेवू नयेत.

झोपेची वेळ नियमित ठेवणे व झोप पुरी होऊ देणे यानेच पुष्कळ मुलांचे प्रसंग कमी होतात. प्रसंग ठरावीक वेळीच होत असतील, तर त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटे आधी मुलाला दोन-चार आठवडे रोज हलकेच जागे करण्याची पद्धत वापरली जाते. पहिल्या गाढ झोपेचा क्रम अशा रीतीने मोडला की, काही मुलांत प्रसंग थांबतात. टॉन्सिल वाढल्यामुळे श्वास अडखळत असेल, तर त्याच्या उपचाराने निद्राभ्रमणही जाऊ शकते. इजा करणाऱ्या, वारंवार होणाऱ्या प्रसंगांत प्रौढांना क्लोनाझेपामसारखे औषध वैद्यकीय देखरेखीखाली दिले जाते. मात्र त्याच्या उपयोगाविषयीचा पुरावा मर्यादित आहे.